गाडी थंड असतानाच बघ

प्रिय,

तू बघितलेली १२५ सीसीची मोटरसायकल ऑगस्ट २०२० ची आहे, मीटरवर १४ हजार किलोमीटर आहेत, मालक ४५ हजार मागतोय आणि 'कर्ज केव्हाच फिटलंय' म्हणतोय. त्या शेवटच्या वाक्याकडे मी नंतर येतो. आधी गाडी.

बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशीच सांग, की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी इंजिनजवळ हात नेऊन बघ. गरम असेल तर पुन्हा ये, कारण सुरू व्हायला लागणारा त्रास आणि धूर हे दोन्ही थंड इंजिनातच नीट कळतात. गाडी सुरू करून सायलेन्सरच्या मागे उभा राहा. थंडीत पांढरी वाफ निघून थोड्या वेळात विरली तर काळजी नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करताना एकदाच भपकन येऊन थांबला, तर बहुधा वॉल्व्ह सील गेलंय. रेस दिल्यावर येतच राहिला, तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडर झिजलाय आणि इंजिन उघडावं लागेल. तो खर्च गॅरेजवाल्याला विचारल्याशिवाय किमतीचं बोलू नकोस.

मग अपघाताच्या खुणा शोध. गाडी मेन स्टँडवर घे, कुणाला तरी मागे दाबायला सांग, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. ते बदलता येतं. त्याहून महत्त्वाचा आहे हँडलचा स्टॉपर, म्हणजे हँडल पूर्ण वळल्यावर जिथं टेकतं तो चेसिसवरचा छोटा लोखंडी ठोकळा. तो वाकलेला, तुटलेला किंवा नव्यानं वेल्ड केलेला दिसला, तर गाडी जोरात आपटली आहे. टाकी आणि हेडलाइट नवे घालून गाडी चकचकीत करता येते, पण या ठोकळ्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तशी गाडी सोडून दे.

मीटरचा आकडा खरा वाटतो का, ते टायरवरून ताडता येतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २८२० म्हणजे २०२० चा अठ्ठाविसावा आठवडा. मीटरवर १४ हजार आणि दोन्ही टायर २०२३ चे असतील, तर एवढ्या लवकर का बदलले ते विचार. फुटरेस्ट आणि गिअरच्या पॅडलचं रबरही गुळगुळीत झालं असेल, तर आकडा मागे फिरवला असण्याची शंका घ्यायला जागा आहे.

आता कागद. चेसिस नंबर हँडलखालच्या नळीवर आणि इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो. फडक्यानं पुसून एकेक अक्षर आरसीशी जुळव. खाडाखोड दिसली तर बोलणी तिथंच थांबव. नंतर परिवहनच्या साइटवर गाडीची नोंद आणि थकलेली ई-चलनं बघ. चलनं त्यानंच आधी भरायची.

आणि ते कर्ज. हप्ते फिटले तरी आरसीवरची बँकेची नोंद, म्हणजे एचपी, आपोआप निघतेच असं नाही. त्यासाठी बँकेची एनओसी आणि बँकेच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५ लागतो. हे दोन्ही मालकाच्या हातात प्रत्यक्ष दिसेपर्यंत दोन हजारांच्या वर टोकन देऊ नकोस, आणि तेही पावती घेऊनच. 'बँकेकडून आणून देतो' म्हणाला, तर आणल्यावर उरलेलं बोलू.

विम्याचंही बघ. २०२० मध्ये नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा होता, म्हणजे या गाडीचा तो ऑगस्ट २०२५ मध्ये संपला. पुढे काढलाय का, ते विचार. नसेल तर घरी आणण्याआधी तूच काढ. चालू असेल तर खरेदीनंतर १४ दिवसांत कंपनीला कळवून तो नावावर करून घे.

सगळं जुळलं, तर फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या तुझ्यासमोर घे. ट्रान्सफरचा अर्ज तिथंच बसून ऑनलाइन भर, कारण ओटीपी त्याच्या मोबाइलवर गेला तर तो समोर असलेला बरा. पैसे आरसीवर नाव असलेल्या माणसाच्याच खात्यावर पाठव, भावाच्या किंवा एजंटच्या नको. पाच हजार रुपये नाव बदलेपर्यंत मागे ठेवायचे, असं पावतीवर लिहून घे. त्याच पावतीवर गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळही लिही, म्हणजे त्याआधीचं चलन कुणाचं, हा वाद राहणार नाही.

तुझा,
काका