सगळे रंग मिसळले की तपकिरीच का होतो?

सर, सात रंग मिळून पांढरा होतो असं विज्ञानात शिकलो. मग माझ्या डबीतले सगळे रंग मिसळल्यावर चिखल का झाला? (आठवीतला विद्यार्थी, परभणी)

विज्ञानात शिकलास ते प्रकाशाचं. प्रकाशात प्रकाश मिसळला की उजेड वाढतो. रंग मात्र उजेड गिळतो. पिवळा रंग निळा उजेड गिळतो, लाल रंग निळा आणि हिरवा, निळा रंग लाल. सगळे एकत्र आले की जवळपास सगळाच उजेड गिळला जातो. पण लाल-पिवळे रंग आपल्या बाजूचा उजेड भरपूर परत पाठवतात, निळा त्या मानाने कमी. म्हणून शेवटी उरतो तो मंद, तांबूस-पिवळा उजेड. अंधारलेला नारिंगी म्हणजेच तपकिरी. नारिंगीत थेंबभर काळा घालून बघ.

मग कधी कधी काळपट का होतो? (परळी)

निळा जास्त पडला म्हणून.

मुलगी एलिमेंटरीला बसतेय. जांभळ्यासाठी फक्त लाल आणि निळा घेतला, तरी तपकिरी झाला. दुकानदार म्हणतो रंग हलके आहेत, 24 चा डबा घ्या. (पालक, जालना)

डबा घेऊ नका. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो आणि दर वेळी मागे एक दुकानदार असतो. गेल्या आठवड्यात वर्गातल्या एका मुलीचं असंच झालं. पॅलेटवर व्हर्मिलियन आणि प्रशियन ब्लू होते. व्हर्मिलियन हा नारिंगीकडे झुकलेला लाल, म्हणजे त्यात पिवळ्याचा अंश आलाच. प्रशियन ब्लू हिरव्याकडे झुकतो. तिने दोनच ट्यूब पिळल्या, पण पॅलेटवर तिन्ही मूळ रंग पोचले होते. मी तिला क्रिमसन आणि अल्ट्रामरीन घ्यायला लावले. हे दोन्ही जांभळ्याकडेच झुकलेले. त्याच ब्रशने, त्याच कागदावर स्वच्छ जांभळा उतरला. ट्यूबवरच्या नावावर विसंबू नका. थेंबभर रंग भरपूर पाण्यात पातळ करून पांढऱ्या कागदावर फिरवा. लाल गुलाबीसर दिसतो की नारिंगीसर, ते लगेच कळतं. तरीही जमलं नाही, तर पॅलेट न धुता कलाशिक्षकांकडे न्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी नव्हे, आत्ताच.

रंग बरोबर घेतले तरी चित्र मळकट दिसतं. (अंबाजोगाई)

पाण्याचे दोन डबे ठेवा, एक ब्रश धुवायला, दुसरा रंग कालवायला. खालचा थर पूर्ण वाळल्याशिवाय वर हात फिरवू नका. एवढं करूनही मळकट दिसलं, तर चित्र शिक्षकांना प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून मी सांगणार नाही.

तपकिरी झालेला रंग पांढरा घालून सुधारतो म्हणे? (हिंगोली)

ऐकीव गोष्ट आहे. गिळलेला उजेड पांढऱ्याने परत येत नाही, मिश्रण फक्त फिकट मातकट होतं. ते टाकू नका, बाभळीच्या खोडाला वापरा.