‘क्वालिफाइड’ म्हणजे पास नव्हे

प्रश्न : आमच्या कंपनीच्या हिशेबावर ऑडिटरने ‘क्वालिफाइड ओपिनियन’ दिलंय. क्वालिफाइड म्हणजे पात्र, मग पेढे वाटायचे का? आणि ‘अ‍ॅडव्हर्स’, ‘डिस्क्लेमर’ कधी देतात? मराठीत काय म्हणावं?

पेढे थांबवा. इथला ‘क्वालिफाइड’ पात्रतेचा नाही, मर्यादा घालण्याचा आहे. ‘सशर्त मत’ हा शब्द रुळलाय, पण मला तो पटत नाही. ऑडिटर कुठलीही अट घालत नसतो, तो ‘एवढं सोडून बाकी ठीक’ म्हणतो. म्हणून मी ‘अपवादासह मत’ म्हणतो.

आपल्या पिंपळगावकडचं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेदाण्याचा व्यापार करणारी कंपनी, मालमत्ता दहा कोटींची, वर्षाचा नफा 90 लाख. 31 मार्चला शीतगृहात गेल्या हंगामातला 60 लाखांचा बेदाणा पडून आहे. काळा पडल्याने तो विकून 45 लाखच येतील. खरेदीची किंमत आणि विकून हाती येणारी रक्कम, यांतली कमी असेल ती धरायची, हा नियम. मालक 60 लाखांवर अडून बसले. चूक 15 लाखांची, दुर्लक्ष करण्याजोगी नाही, पण ती त्या एका साठ्यापुरतीच आहे. इथे अपवादासह मत.

आता साठा 60 लाखांऐवजी सात कोटींचा, आणि त्यात चार कोटी फुगवलेले आहेत असं समजा. नफा जाऊन तोटा येतो आणि ताळेबंदच खोटा पडतो. अपवाद काढायचा म्हटलं तर मागे काही उरत नाही. मग ‘प्रतिकूल मत’. हा शब्द चपखल आहे.

तिसरी गत वेगळी. साठा सात कोटींचाच, पण ऑडिटरची नेमणूक मे महिन्यात झाली. 31 मार्चची मोजणी त्याने पाहिलेली नाही. तसं असलं तरी तो मे महिन्यात पेट्या मोजून, मधली विक्री मिळवून, खरेदी वजा करून मागे जाऊ शकतो, आणि हे जुळलं तर मत स्वच्छही देता येतं. पण काटापावत्या नाहीत, शीतगृहाच्या आवक-जावक नोंदी अर्धवट आहेत, तर आकडा बरोबर की चूक हेच त्याला ठाऊक नाही. तेव्हा ‘डिस्क्लेमर’. याला ‘मत देण्यास नकार’ म्हणतात, पण नकारात रुसवा वाटतो. मी ‘मत देण्यास असमर्थता’ लिहीन. न तपासता आलेला साठा 60 लाखांचाच असता, तर पुन्हा अपवादासह मतच आलं असतं.

म्हणजे ऑडिटर दोन गोष्टी पाहतो : चूक सापडली की पुरावाच मिळाला नाही, आणि तिचा पसारा कुठवर. भारतात हे लेखापरीक्षण मानक 705 मध्ये आहे. एक पळवाट मात्र बंद आहे : चार कोटींची चूक हाती लागलेली असताना, मालकाला दुखवायला नको म्हणून ‘मला मत देता येत नाही’ म्हणायची सोय ऑडिटरला नाही.

तुमच्या अहवालात ‘मताचा आधार’ असा परिच्छेद असेल. अपवाद कशाचा आणि किती रकमेचा, ते तिथे वाचा.