धक्का लागला की मारला?

*प्रश्न: माझा धाकटा भाऊ एरवी कुणाला उलट शब्द बोलत नाही. पण दोन-तीन पेग झाले की फालतू कारणावरून भांडण काढतो, एकदा स्वतःचा हातही फोडून घेतला. दारूत माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो म्हणतात, ते खरं आहे का?*

मी अकरा वर्षं एका ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत काम केलं. लग्नसराईतल्या आणि यात्रेच्या रात्रपाळ्या बऱ्याच माझ्या वाट्याला आल्या. 'खरा स्वभाव बाहेर येतो' हे वाक्य नातेवाइकांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की हसू येतं. दारू आतलं काही बाहेर काढत नाही. त्या क्षणी माणसाला जेवढं दिसतं, तेवढंच ती छोटं करून टाकते. एक रात्र सांगतो, म्हणजे कळेल. कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

हळदीचा कार्यक्रम, डीजे, दोन मावसभाऊ. थोरला चोवीस वर्षांचा, साठ किलोच्या आसपास. आठ वाजता मांडवामागे बसले. सोबत फक्त शेव आणि दाणे, कारण जेवण उशिरा होतं. दहापर्यंत थोरल्याने एक क्वार्टर संपवली होती. नाचताना धाकट्याचं कोपर लागून थोरल्याचा ग्लास त्याच्याच नव्या शर्टावर सांडला. धाकटा हसला. थोरल्याने ढकललं, धाकटा मागे गेला आणि ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. पुढचं नंतर सांगतो.

आधी हिशेब करू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने साधारण ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात सुमारे ६१ ग्रॅम. हे अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात पसरतं. पुरुषाच्या बाबतीत ढोबळमानाने वजनाचा दोन-तृतीयांश भाग धरायचा, म्हणजे इथे चाळीस किलो. यकृत तासाला जेवढं जाळतं त्याने रक्तातलं प्रमाण दर १०० मिलीमागे साधारण १५ मिलिग्रॅमने उतरतं. दोन तासांचं तेवढं वजा केलं की हा पोरगा दहाच्या सुमारास १२० मिलिग्रॅमच्या आसपास होता. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ३० आहे. म्हणजे चौपट. हा अंदाज आहे; पोट भरलेलं असेल, वजन जास्त असेल, तर आकडा बदलतो.

आता गंमत बघा. दारू हे मेंदूला मंद करणारं औषध आहे. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींना शांत करतं, दारू त्याचा जोर वाढवते. आणि पेशींना चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं काम ती दाबते. मग मंद व्हायला हवा तो माणूस टेबलावर का चढतो? कारण सगळा मेंदू एकदम मंद होत नाही. ज्या कामाला सर्वांत जास्त जुळवाजुळव लागते ते आधी ढासळतं. हात उचलायला फारशी जुळवाजुळव लागत नाही. उचललेला हात थांबवायला लागते. 'हा आपला भाऊ आहे, उद्या लग्न आहे, मामा बघतायत, शर्ट धुता येतो' हे सगळं एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावं लागतं, आणि ते काम कपाळामागच्या भागाचं. ब्रेक निकामी आणि ॲक्सिलरेटर शाबूत, अशी ती अवस्था. त्यात रक्तातलं प्रमाण चढत असताना माणसाला तरतरी वाटते, बळ आल्यासारखं वाटतं. उतरताना तोच माणूस जड आणि रडका होतो.

१९९० मध्ये क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी याला 'अल्कोहोल मायोपिया' म्हटलं. मायोपिया म्हणजे लांबचं न दिसणं. नशेत समोरची, ठळक, बोचणारी गोष्ट दिसते आणि लांबचं पुसट होतं. भिजलेला शर्ट आणि हसणारा चेहरा समोर होते. बाकी सगळं लांब होतं. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण त्यातून दुसरी बाजूही सुटते: तोच माणूस त्याच नशेत मित्राच्या गळ्यात पडून रडतो. त्या वेळी समोर ठळक असलेली गोष्ट वेगळी असते, इतकंच.

दुसरी भानगड हेतूची. कोपर लागलं की मारलं, हे आपण शुद्धीत असताना क्षणात ठरवतो, आणि ते ठरवण्यात दोन पायऱ्या असतात. पहिला विचार जवळजवळ नेहमी 'मुद्दाम केलं' असाच येतो. मग दुसरा येतो, 'अरे, गर्दी आहे, चुकून झालं.' दारू ही दुसरी पायरी खाते. २०१० मध्ये फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगात लोकांना साध्या कृतींची वर्णनं देऊन 'हे मुद्दाम की चुकून?' असं विचारलं. ज्यांना दारू दिली होती त्यांनी 'मुद्दाम' हे उत्तर जास्त वेळा दिलं. आमच्या या थोरल्याला पोलिसांसमोर, पहाटे चार वाजता, मी स्वतः ऐकलंय: "त्याने मुद्दाम सांडलं. हसत होता तो." हसणं खरं होतं. मुद्दाम होतं की नाही, हे डीजेसमोर नाचणाऱ्या चाळीस जणांत कोण सांगणार?

म्हणून तुमच्या भावाबद्दल एक विचारतो. तो एकटा टीव्हीसमोर बसून प्यायला तर भांडतो का? बहुतेक नाही. प्रयोगशाळेतही हेच दिसतं, की कुणी डिवचलं तर दारू प्यायलेला माणूस न प्यायलेल्यापेक्षा जास्त जोरात पलटवार करतो, आणि नुसती दारू पोटात असून डिवचणारं कुणी नसेल तर फरक फार कमी. शिवाय सगळे सारखे भडकत नाहीत. ज्यांच्यात राग आधीच लवकर चढतो, ज्यांना तो आवरायला रोज कष्ट पडतात, त्यांच्यात दारूचा परिणाम जास्त. एरवी अगदी शांत दिसणारा माणूस कदाचित दिवसभर मेहनतीने शांत राहत असतो. 'खरा स्वभाव' म्हणणाऱ्यांचं जे काही थोडं बरोबर आहे ते इथपर्यंत. पण ती मेहनत हासुद्धा त्याचाच स्वभाव आहे ना?

(आणि हो, 'प्यायला होता म्हणून झालं, सोडून द्या' असं सगळं गाव म्हणतं, हेही माणूस लहानपणापासून ऐकत असतो. त्या सवलतीचाही वाटा असतो. बायकोवर हात उचलणारे बरेच जण नशेतही फौजदारावर हात उचलत नाहीत, हे मी पाहिलंय.)

इजेचं मात्र वेगळं. त्याला राग लागतच नाही. लहान मेंदू तोल सांभाळतो, तो दारूत ढिला पडतो, आणि पडताना आपोआप पुढे येणारे हात उशिरा येतात किंवा येतच नाहीत. शुद्धीतला माणूस पडला की मनगट मोडतं. प्यालेला पडला की भुवई, नाक, हनुवटी किंवा डोक्याची मागची बाजू फुटते. टाके घालताना जखमेच्या जागेवरून मला बऱ्याचदा अंदाज यायचा. तुमच्या भावाने हात फोडून घेतला म्हणता, तर पुढच्या वेळी एक बघा. मूठ दुसऱ्याच्या दातावर बसली असेल आणि बोटाच्या सांध्यावर बारीकशी चीर असेल, तर ती साधी जखम समजू नका. तोंडातले जंतू थेट सांध्यात जातात, आणि माणूस दोन दिवसांनी सुजलेला हात घेऊन येतो.

आता त्या धाकट्याचं. आपटल्यावर तो उठला, शिव्या दिल्या, दोन घास जेवलासुद्धा. साडेअकराला आडवा झाला. 'जास्त झालीय, झोपू द्या, सकाळी उतरेल,' असं सगळ्यांचं मत पडलं. दीडच्या सुमारास त्याच्या मावशीला घोरणं विचित्र वाटलं. ओकारीही झाली होती. हलवलं तर नीट जागा होईना. आमच्याकडे आणला तेव्हा उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी होती. कवटीच्या आत रक्त साचत होतं. आमच्याकडे सीटी स्कॅन नव्हता, म्हणून १०८ ने पुढे पाठवला आणि पहाटे ऑपरेशन झालं. वाचला.

त्या मावशीला कुणी शिकवलं नव्हतं, पण तिचं गणित बरोबर होतं. शेवटचा घोट दहाच्या आसपास. त्यानंतर तास-दीड तास पोटातली दारू रक्तात येत राहते, पण पुढे आकडा उतरायलाच हवा, तासाला पंधराने. म्हणजे साडेअकराला बोलणारा माणूस दीडला त्याहून जास्त शुद्धीवर हवा. तो जास्त बेशुद्ध असेल, तर त्याचा दोष दारूवर टाकता येत नाही. डोक्याला मार लागलेल्या प्यालेल्या माणसाला झोपवायचंच असेल तर कुशीवर झोपवा, कुणीतरी शेजारी बसा, आणि दर अर्ध्या तासाने उठवून नाव विचारा. उत्तर आधीपेक्षा अवघड होत चाललं, पुन्हा पुन्हा उलटी झाली, हातापायात एका बाजूला जोर कमी वाटला, तर सकाळची वाट बघू नका.

तुमचा भाऊ पुढच्या वेळी भडकेल तेव्हा त्याला समजावून सांगत बसू नका. समजण्यासाठी जो भाग लागतो तोच त्या वेळी बंद असतो. 'शांत हो' म्हणणारे पाच जण भोवती जमले की त्याच्यासाठी ते पाच डिवचणारे होतात. एकानेच जावं, त्याला आवडणाऱ्या माणसाने. हातातला ग्लास किंवा बाटली घ्यावी आणि भलतंच काहीतरी काढावं: चल गाडीची किल्ली सापडत नाहीये, आई फोनवर आहे, भूक लागलीय. हे फालतू वाटेल, पण नजर जर अरुंद झाली असेल तर तिच्यासमोर दुसरी गोष्ट ठेवणं हाच त्यातला सोपा मार्ग. प्रयोगातही प्यालेल्या माणसांना मध्येच दुसऱ्या कामात गुंतवलं, तर डिवचल्यावर ती कमी भडकली.

सकाळी त्याला विचाराल तेव्हा तो 'मला आठवत नाही' म्हणेल. ते खोटंच असेल असं नाही. भराभर आणि रिकाम्या पोटी प्यायलं की मेंदू ते तास नोंदवतच नाही. आमचा थोरला नऊ वाजता बाकावर उठून बसला. शर्टावर डाग तसाच होता. त्याने मला विचारलं, "डॉक्टर, आमचा बारक्या कुठंय?"