बारा तासांच्या ड्युटीचा ओव्हरटाइम आणि साप्ताहिक सुट्टीचा हिशेब

प्रश्न: मी पुण्यात एका कंपनीच्या गेटवर गार्ड आहे. बारा तासांची ड्युटी, महिन्याला तीस ड्युट्या, सगळे मिळून वीस हजार देतात. भाऊ तिथेच कॅबवर ड्रायव्हर आहे. आमचा ओव्हरटाइम आणि साप्ताहिक सुट्टी कशी मोजायची? मागितले तर नोकरी राहील का?

उत्तर:

पुण्यातील एका व्यापारी संकुलाच्या व्यवस्थापन कार्यालयात मी बरीच वर्षे सुरक्षा एजन्सीची आणि गाड्यांच्या कंत्राटदाराची बिले तपासत असे, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून ती सगळी रजिस्टरे पुन्हा डोळ्यांसमोर आली. तुम्हाला मिळणारी रक्कम कमी आहे आणि ती थोडीथोडकी कमी नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो.

समजा तुमचे मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये होतात. (ही रक्कम मी भागाकार सोपा जावा म्हणून घेतली आहे, तुमच्या पगारचिठ्ठीवरचा आकडा तिच्या जागी ठेवा.) एजन्सी याला तीसने भागते आणि एका ड्युटीचे ५२० रुपये धरते. फसवणुकीची पहिली पायरी ही आहे. किमान वेतनाचा मासिक दर साप्ताहिक सुट्टीचे वेतन धरूनच ठरवलेला असतो, म्हणून रोजचा दर काढताना त्याला सव्वीसने भागायचे असते. सव्वीसने भागले की ६०० रुपये रोज येतो, आठने भागले की तासाला ७५ रुपये आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट म्हणून तासाला १५० रुपये.

आता तास किती धरायचे, यावर एजन्सीवाले हमखास वाद घालतात. ते म्हणतात की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास चालतात, त्यामुळे बारातून नऊ गेले की तीनच तास ओव्हरटाइम उरतो. हा युक्तिवाद अर्धवट आहे, कारण त्याच कायद्यात आठवड्याची मर्यादा अठ्ठेचाळीस तासांची आहे. सहा दिवस बारा-बारा तास केले की बहात्तर होतात, त्यातून अठ्ठेचाळीस वजा केले की चोवीस उरतात, म्हणजे दिवसाला चार तास आले. त्या चार तासांचे दुप्पट दराने ६०० रुपये होतात, म्हणजे बरोबर एका दिवसाचा रोज. त्यामुळे बारा तासांच्या एका ड्युटीला दोन हजेऱ्यांचे पैसे, एवढे लक्षात ठेवलेत तरी तुम्हाला कॅल्क्युलेटर लागणार नाही.

सव्वीस ड्युट्या आणि चार सुट्ट्या असा महिना भरला तर १५,६०० पगार आणि तेवढाच ओव्हरटाइम, मिळून ३१,२०० रुपये होतात. तुम्ही तर तीसही दिवस उभे राहता. सुट्टीच्या दिवशी काम करून घेतले तर त्या दिवसाचे तास दुप्पट दराने मोजायचे, म्हणजे बारा तासांचे १,८०० आणि चार सुट्ट्यांचे ७,२०० रुपये. एकूण ३८,४०० रुपये झाले, पी. एफ. वगैरे कपात होण्यापूर्वीचे. तुम्हाला मिळतात वीस हजार. पगारचिठ्ठी नीट पाहा. तिच्यावर बहुधा सव्वीस दिवसांचे १५,६०० आणि खाली ‘इतर भत्ता’ म्हणून ४,४०० लिहिलेले असतील. ओव्हरटाइमचा रकाना रिकामा असेल किंवा नसेलच. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला बारा तासांची पाळी दिसू नये, एवढ्यासाठीच हा ‘इतर भत्ता’ असतो.

साप्ताहिक सुट्टीविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण याच मुद्द्यावरून माझे आणि आमच्या तेव्हाच्या मॅनेजर साहेबांचे जे वाजले, ते माझ्या मनातून आजही गेलेले नाही.

चोवीस तास राखायच्या एका गेटला आठवड्यात बारा तासांच्या चौदा पाळ्या लागतात. दोन गार्डांनी सहा-सहा पाळ्या केल्या तर बारा भरतात आणि दोन उरतात. त्या दोन पाळ्यांना तिसरा माणूस, म्हणजे रिलिव्हर, लागतोच. म्हणून एजन्सी आपल्या बिलात प्रत्येक गार्डामागे रिलिव्हर चार्ज लावते; सहा दिवसांमागे एक दिवस, म्हणजे एक षष्ठांश, टक्केवारीत १६.६७. ज्या कंपनीच्या गेटवर तुम्ही उभे आहात, तिच्याकडून हे पैसे एजन्सी बहुतेक वेळा घेतच असते. गार्डाला सहसा याचा पत्ता नसतो, कारण बिल त्याला कोणी दाखवत नाही.

आमच्या मागच्या गेटचे बिल तपासताना मी एजन्सीच्या मस्टरशेजारी गेटवरचे चार्ज रजिस्टर ठेवले. मस्टरमध्ये दोन्ही गार्डांच्या नावापुढे आठवड्याला एक ‘डब्ल्यू. ओ.’, म्हणजे साप्ताहिक सुट्टी, आणि त्या दिवशी तिसऱ्याच माणसाची हजेरी लावलेली होती. चार्ज रजिस्टरमध्ये मात्र सकाळी आठला आणि रात्री आठला टॉर्च, किल्ल्यांचा जुडगा आणि वॉकी-टॉकी एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, अशा नोंदी आणि सह्या होत्या, आणि पूर्ण महिनाभर सह्या त्याच दोघांच्या होत्या. तिसऱ्या माणसाने एकदाही किल्ल्या घेतलेल्या नव्हत्या. पाळी बदलायच्या रविवारी तर एकच गार्ड सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत उभा होता, कारण दोनच माणसांत दिवसपाळी आणि रातपाळीची अदलाबदल करायची म्हटल्यावर कोणाला तरी डबल करावीच लागते.

मी बिल अडवून ठेवले. साहेबांचे म्हणणे असे की ही मराठवाड्यातून आलेली मुले, सुट्टी घेऊन खोलीत बसून काय करणार, त्यांनाच ड्युट्या जास्त हव्या असतात आणि कामावर येताना त्यांनी हे सगळे कबूल केलेले आहे. मी त्यांना सांगितले की त्यांना ड्युटी हवी असेल तर त्या दिवसाचे दुप्पट पैसे त्यांच्या हातात पडले पाहिजेत; आपल्याकडून रिलिव्हरचे पैसे घ्यायचे आणि उभ्या राहिलेल्या माणसाला एकेरी ५२० टेकवायचे, हे चालणार नाही. कबुलीचे म्हणाल तर कायद्याने दिलेले वेतन सोडून देण्याचा करार मुळातच रद्दबातल असतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २५ मध्ये तसे स्पष्ट लिहिलेले होते आणि नव्या वेतन संहितेतही तशी तरतूद आहे.

साहेबांनी यातून जो मार्ग काढला, त्याचा मला अजूनही संताप येतो. त्यांनी बिलातून रिलिव्हर चार्ज कापला आणि बाकीचे बिल मंजूर केले. संकुलाचे पैसे वाचले म्हणून वरिष्ठांनी त्यांचे कौतुक केले. गार्ड मात्र पूर्वीसारखेच सातही दिवस उभे राहिले आणि त्यांना एक रुपयाही जास्त मिळाला नाही. साहेब आजही भेटले की ‘तुमच्यामुळे आपले पैसे वाचले’ असे म्हणतात. माझे म्हणणे तेव्हाही होते आणि आजही आहे की ते पैसे आपले नव्हतेच. ज्याने सुट्टी गमावली त्याचे ते होते. बिल कापण्याऐवजी सुट्टीच्या दिवसाचे वेतन आपल्या प्रतिनिधीसमोर गार्डांना वाटायला लावणे, एवढेच करायचे होते.

म्हणून तुम्ही प्रथम हे पाहा की तुमच्या गेटवर महिनाभरात किती वेगवेगळ्या माणसांच्या सह्या आहेत. दोनच असतील तर मस्टरमध्ये काहीही लिहिलेले असो, सुट्टी दिलेली नाही. चार्ज रजिस्टरच्या त्या पानांचे फोटो दर महिन्याला काढून ठेवा, कारण पान भरले की रजिस्टर एजन्सीच्या ऑफिसात जाते आणि परत येत नाही. आणखी एक युक्ती ओळखून ठेवा. रातपाळी करून रविवारी सकाळी आठला सुटलात आणि त्याच रात्री आठला पुन्हा उभे राहिलात, तर तो रविवार सुट्टीचा होत नाही. सुट्टी म्हणजे सलग चोवीस तास विश्रांती. इथे मिळाले बाराच.

तुमच्या भावाचा हिशेब याच पद्धतीने होतो, फक्त तास कुठून कुठपर्यंत धरायचे हा प्रश्न वेगळा आहे. कंत्राटदार पहिला कर्मचारी गाडीत बसल्यापासून शेवटचा उतरेपर्यंतची वेळ धरतात आणि मधला थांबा वगळतात. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने कसोटी अशी घातली होती की चालक जितका वेळ मालकाच्या दिमतीला आहे, तितका वेळ कामाचा. गाडी गॅरेजमधून काढणे, परत लावणे, लॉगशीट भरणे हीसुद्धा कामेच धरली होती. संध्याकाळची ड्रॉप आणि मध्यरात्रीची पिकअप यांच्या मधले चार तास भाऊ घरी जाऊन झोपत असेल तर ते मी कामात धरणार नाही. पण गाडी सोडायची नाही, फोन आला की निघायचे, असा हुकूम असेल तर ते तास कामाचेच आहेत, असे माझे मत आहे. त्याने गॅरेज सोडल्याची आणि गॅरेजला परतल्याची वेळ, दोन्ही किलोमीटरच्या आकड्यांसह, स्वतःच्या वहीत रोज लिहावी.

काही गोष्टी ध्यानात ठेवून वरचे आकडे वापरा. जेवणाच्या अर्ध्या तासात दुसरा माणूस खरोखर तुमच्या जागी उभा राहत असेल तर तो अर्धा तास वजा करा; रजिस्टर पुढ्यात ठेवून गेटवरच डबा खात असाल तर करू नका. सुट्टीच्या बदल्यात दोन महिन्यांच्या आत दुसरा दिवस खरोखर मोकळा दिला असेल, तर त्या सुट्टीपुरता एजन्सीचा वाद ऐकण्यासारखा ठरतो; तशा सुट्ट्या वेगळ्या लिहा. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिवसाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली, त्याचा दाखला आता एजन्सीवाले देतील, पण आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास तसेच राहिल्याने वरच्या हिशेबाला धक्का लागत नाही. २०१७ च्या कायद्यात ओव्हरटाइमला तीन महिन्यांत १२५ तासांची मर्यादा होती, ती तुम्ही पहिल्याच महिन्यात ओलांडता. मर्यादा मोडल्याचा दोष मालकाचा असतो, त्यामुळे जास्तीच्या तासांचे पैसे बुडत नाहीत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्यातही ओव्हरटाइम दुप्पटच आहे, आणि दाव्याची मुदत जी पूर्वी किमान वेतन कायद्यात सहा महिने होती, ती तीन वर्षे झाली आहे.

नोकरीचे विचाराल तर धोका आहे. मागणी करणाऱ्याला सरळ काढत नाहीत, त्याचा पॉइंट बदलून त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकतात. म्हणून एकट्याने तोंडी मागू नका. दोन्ही पाळ्यांच्या गार्डांनी मिळून महिनावार तक्ता करून लेखी मागणी द्या, पोच घ्या आणि दुसरी प्रत कंपनीच्या व्यवस्थापनाला द्या, कारण कंत्राटदाराने वेतन दिले नाही तर ते देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. त्या अर्जात रिलिव्हर चार्ज दिला जातो का, हे नाव घेऊन विचारा, आणि तो बिलातून कापू नये, आमच्या सुट्टीच्या वेतनात वळवावा, असेही स्पष्ट लिहा.