रजेच्या अर्जात 'विनंती करतो' की 'करू इच्छितो'?

प्रश्न : ऑफिसात मराठीत रजेचा अर्ज द्यायचा आहे. 'मी विनंती करतो' लिहू की 'विनंती करू इच्छितो'? दुसरं जास्त नम्र वाटतं. आणि पुढे 'रजेवर असेन', 'असणार आहे', 'राहीन' यातलं बरोबर कुठलं? करीन आणि करेनचा पण घोळ आहेच.

'करू इच्छितो' व्याकरणाने चूक नाही, पण अर्जात ते मला पोकळ वाटतं. कारण सोपं आहे, 'विनंती करतो' म्हटलं की त्याच वाक्यात विनंती होऊन जाते, आणि 'करू इच्छितो' म्हटलं की तुम्ही फक्त इच्छा सांगितलीत, विनंती अजून व्हायचीच आहे. सभेत कोणी 'मी आभार मानू इच्छितो' म्हणाला की मागच्या रांगेतून 'मग मान ना' असं येतं, तसलाच प्रकार. इंग्रजीत 'आय वूड लाइक टू रिक्वेस्ट' हे सवयीने नम्र झालंय, तेच शब्दाला शब्द लावून मराठीत आलं. आपण बोलताना असं कधी म्हणतो का? आपण साहेबांच्या केबिनच्या दारात उभं राहून म्हणतो, 'सर, दोन दिवस रजा हवी होती.' रजा पुढच्या आठवड्यातली आणि क्रियापद भूतकाळी! मराठी बोलण्यातली खरी अदब ही, 'हवी आहे' म्हटलं की मागणी वाटते, 'हवी होती' म्हटलं की जरा अंग चोरून विचारल्यासारखं. फक्त हे कागदावर नेऊ नका, तिथे आवाज नसतो, वाचणाऱ्याला वाटेल की तेव्हा हवी होती, आता नकोय.

कागदावर तेच काम 'आवी' करते. 'मंजूर करावी', 'मिळावी', 'द्यावी' हा विध्यर्थ. यात आज्ञा नाही, काळही नाही, नुसतं 'असं व्हावं' एवढंच आहे, म्हणून 'रजा मंजूर करावी, ही विनंती' यात नम्रपणा आधीच भरलेला असतो, वर इच्छितोचा मुलामा लागत नाही. 'मिळावी' तर अजून मऊ, कारण त्यात देणाऱ्याचं नावच निघत नाही. आणखी एक सोय म्हणजे करतो की करते हा प्रश्नच मिटतो, कारण 'करावी' अर्ज लिहिणाऱ्याप्रमाणे नाही तर रजेप्रमाणे चालतं. पण लोक चुकतात तेही इथेच. 'दोन दिवसांची रजा मंजूर करावे' असं सर्रास दिसतं. रजा ती, म्हणून करावी, अर्ज तो, म्हणून 'अर्ज मंजूर करावा', प्रमाणपत्र ते, म्हणून 'प्रमाणपत्र स्वीकारावे'. दिवस किती हे बघायचंच नाही, वाक्यात मंजूर काय होतंय ते बघायचं.

आता भविष्यकाळ. 'असेन' आणि 'असणार आहे' दोन्ही बरोबर आहेत पण वजन वेगळं आहे. 'णार आहे' म्हणजे ठरलंय, 'ईन' म्हणजे पुढचं सांगणं किंवा शब्द देणं. 'मी येणार आहे' म्हणजे तिकीट काढून झालंय, 'मी येईन' म्हणजे माझ्यावर सोड. मी बरीच वर्षं एका कार्यालयात आस्थापनेच्या टेबलवर होतो, रजेचे अर्ज माझ्याकडूनच पुढे जायचे. एकाने लिहिलं होतं, 'मी दिनांक 12 ते 14 रजेवर असणार आहे, तरी मंजुरी द्यावी.' साहेबांनी अर्ज माझ्याकडे परत टाकला आणि म्हणाले, याने ठरवलंच आहे तर मला कशाला विचारतोय? माणूस बिचारा उर्मट अजिबात नव्हता, क्रियापदाने त्याचा घात केला. सरकारी नोकरीत तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे रजा हक्क म्हणून मागताच येत नाही, मग मंजुरीआधीच 'असणार आहे' लिहिलं की ते खटकणारच.

त्याच अर्जात मी फक्त क्रियापदं हलवून दिली. झालं ते असं :

'माझ्या बहिणीचा विवाह दिनांक 13 रोजी कोल्हापूर येथे होणार आहे. त्यामुळे मी दिनांक 12 ते 14 या काळात कामावर उपस्थित राहू शकणार नाही. तरी मला तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती. दिनांक 15 रोजी मी कामावर हजर होईन.'

लग्न ठरलेलं आहे म्हणून त्याला 'णार आहे' शोभतं. रजा साहेबांच्या हातात म्हणून 'करावी'. परत येणं हा आपला शब्द म्हणून 'होईन'. वर विषयाच्या ओळीत तर काळच नको, 'किरकोळ रजा मिळण्याबाबत' एवढं पुरे. ('मिळणेबाबत' हे जुन्या दफ्तरी वळणाचं, चालतं, मला मिळण्याबाबत बरं वाटतं.)

मधलं 'राहू शकणार नाही' मुद्दाम आहे. 'येईन'चा नकार 'येईन नाही' असा होत नाही, तो 'येणार नाही' असाच करावा लागतो, आणि मग ठरवून नाही की जमत नाही म्हणून नाही हे वाचणाऱ्याला कळत नाही. 'मी 12 तारखेला येणार नाही' हे कागदावर चक्क धमकीसारखं दिसतं. 'शकणार' घातलं की अडचण आहे हे कळतं. 'येऊ शकत नाही' मात्र आजपुरतं ठेवा, सकाळी ताप आला आणि मेसेज टाकताय तर. आणि आजारपणातून परत आल्यावर मागाहून अर्ज देताय तर 'येऊ शकलो नाही' किंवा 'शकले नाही'. तिथे जुन्या अर्जाची फाईल कॉपी करून 'मला काल ताप आल्यामुळे मी काल येऊ शकणार नाही' असं लिहिलेले अर्ज मी डोळ्यांनी पाहिलेत. गंमत म्हणजे 'रजा मंजूर करावी' तिथेही तसंच राहतं, कारण आजार होऊन गेला तरी मंजुरी अजून यायचीच आहे.

राहिलं करीन-करेन. जुन्या व्याकरणाचा नियम असा की कर्म घेणाऱ्या धातूंना ई, म्हणजे करीन, सांगीन, पाठवीन, आणि कर्म न घेणाऱ्यांना ए, म्हणजे बसेन, उठेन, परतेन. आज 'करेन', 'सांगेन' इतकं रुळलंय की त्याला चूक म्हणणं मला पटत नाही, 'राहिलेले काम पूर्ण करेन' लिहिलं म्हणून कोणी अर्ज अडवणार नाही. मी स्वतः करीन लिहितो ती सवय आहे, दुसरं काही नाही. फक्त एका अर्जात वर करीन आणि खाली करेन असं नको. पण येईन, जाईन, देईन, होईन, राहीन, लिहीन यांना पर्याय नाही, 'राहेन' बोलताना कुठे कुठे ऐकू येतं, लिहू नये. आणि यातली ई दीर्घच, 'येइन', 'राहिन' नाही. मुलासाठी शाळेत चिठ्ठी लिहिताना पण तेच, 'तो सोमवारी हजर राहील', ही दीर्घ. 'राहिल' असं ऱ्हस्व लिहिलेलं इतक्या ठिकाणी दिसतं की आता बरोबरच वाटायला लागलंय लोकांना. 'राहिला'त ऱ्हस्व असते, गोंधळ बहुतेक तिथूनच होतो.