विक्रीचा आलेख चढत होता आणि गोदामातून 17 गायब झाले

प्रश्न: आमच्या कंपनीची विक्री दर तिमाहीला वाढते आहे, मीटिंगमध्ये टाळ्या पडतात, पण अकाउंट्सवाले तोंड पाडून बसलेले असतात. विक्री वाढूनही नफा कमी होतो असं खरंच घडतं का? कुणी स्वतः पाहिलंय?

उत्तर:

पाहिलंय, आणि आधी जवळजवळ वर्षभर मला ते दिसलंही नव्हतं.

माझी ती पहिलीच नोकरी. कंपनी यंत्रं आणि त्यांचे सुटे भाग विकत घेऊन पुढे विकायची, स्वतः काही बनवत नव्हती. खरे आकडे इथे सांगता येणार नाहीत, म्हणून पहिल्या तिमाहीची विक्री 100 धरते आणि बाकी सगळं त्या मापात सांगते. चार तिमाह्यांची विक्री झाली 100, 110, 121 आणि 132. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर हाच आलेख लागायचा, तोही वर्षाच्या सुरुवातीपासूनची बेरीज दाखवणारा. अशा बेरजेच्या आलेखाला खाली येताच येत नाही, विक्री निम्म्यावर आली तरी रेघ वरच जाते. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

तिमाही नफा-तोटा पत्रक मी करायचे. त्यात ढोबळ नफा, म्हणजे विक्रीतून विकलेल्या मालाची खरेदी किंमत वजा जाता उरणारा, दर वेळी विक्रीच्या बरोबर 30 टक्के यायचा. मला वाटायचं, काय शिस्तीची कंपनी आहे!

वर्षअखेरीला गोदामात प्रत्यक्ष मोजणी झाली. वह्यांप्रमाणे साठा असायला हवा होता 60, मोजून किंमत लावली तर निघाला 43. म्हणजे 17 चा माल गेला कुठे? वरच्या मजल्यावरून पहिला शब्द आला तो चोरी. संशय अर्थातच स्टोअर सांभाळणाऱ्या काकांवर. पंचवीस वर्षं त्याच गोदामात काढलेला माणूस, आणि त्यांना विचारायला मला पाठवलं. वयाने त्यांच्या मुलीएवढी मी.

काका रागावले नाहीत. त्यांनी बिन कार्डांचा गठ्ठा समोर ठेवला. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड, आत किती नग आले, बाहेर किती गेले, शिल्लक किती. म्हणाले, "बाई, तुम्ही पैशात मोजता, मी नगात मोजतो. एक नग कमी दाखवा." मी दोन दिवस बसून कार्डं आणि मोजणीचे कागद पडताळले. किरकोळ चार-दोन नट-बोल्ट सोडले तर एकही नग कमी नव्हता.

खरं तर तिथेच उत्तर मिळालं होतं, मला ते कळायला रात्र गेली. चोरी झाली असती तर नग कमी भरले असते. नग पूर्ण आहेत आणि किंमत कमी आहे, याचा अर्थ गोदाम बरोबर आहे आणि वह्यांतला आकडा चूक आहे. मग वह्यांतला 60 हा आकडा आला कुठून? तो मीच काढला होता.

दर तिमाहीला मोजणी करणं परवडत नाही, म्हणून बऱ्याच ठिकाणी साठ्याचा अंदाज काढतात. पद्धत जुनी आहे आणि ती वापरण्यात गैर काही नाही: सुरुवातीचा साठा घ्या, त्यात खरेदी मिळवा, आणि विकलेल्या मालाची किंमत वजा करा. पण विकलेल्या मालाची किंमत माहीत नसते, म्हणून गेल्या वर्षीचं मार्जिन, म्हणजे विक्रीत ढोबळ नफ्याचा टक्का, धरतात. गेल्या वर्षी 30 टक्के होतं, म्हणून विक्रीच्या 70 टक्के वजा करायचे. माझ्या आधीच्या माणसाने शीटमध्ये हे सूत्र घालून ठेवलं होतं आणि मी दर तिमाहीला नुसते आकडे भरत होते.

आता यातली गंमत बघा. मार्जिन 30 टक्के आहे असं आपणच सूत्राला सांगायचं, त्यावरून साठा काढायचा, त्या साठ्यावरून नफा काढायचा, आणि मग नफा 30 टक्के आला म्हणून समाधान मानायचं. खरं मार्जिन 20 वर आलं असतं तरी पत्रकात 30 च दिसलं असतं, आणि मधला फरक गोदामात नसलेला माल म्हणून साचत गेला असता. आमच्याकडे तेच झालं होतं.

पण हा अजून तर्कच होता, पुरावा हवा होता. मी चारही तिमाह्यांच्या बिलांच्या ओळी काढल्या आणि प्रत्येक ओळीसमोर त्या वस्तूचा खरेदी दर लावला. वस्तूंचे दोन गट केले, प्रत्येक तिमाहीची यंत्रं एका शीटवर आणि सुटे भाग दुसऱ्या. B मध्ये नग, C मध्ये विक्री दर, D मध्ये खरेदी दर ठेवला आणि प्रत्येक शीटवर एकच सूत्र:

```
=SUMPRODUCT(B2:B500,C2:C500-D2:D500)/SUMPRODUCT(B2:B500,C2:C500)
```

ओळी जास्त असतील तर 500 च्या जागी शेवटच्या ओळीचा आकडा घाला. खरेदी दर मात्र त्या विक्रीच्या काळातला लावा. आजचा दर जुन्या बिलांना लावला आणि मधे दर वाढलेले असले, तर मार्जिन उगाचच पडलेलं दिसेल.

मला वाटलं होतं, कुठेतरी दर पाडून माल विकलेला सापडेल. तसं काहीच नव्हतं. सुट्या भागांवर पहिल्या तिमाहीत 35 टक्के सुटत होते, चौथ्या तिमाहीतही 35. यंत्रांवर तेव्हा 10, आताही 10. कुठल्याच गटाचं मार्जिन हललं नव्हतं, तरी एकूण मार्जिन पडलं होतं. हे मला पचायला वेळ लागला.

पहिल्या तिमाहीत 100 पैकी 80 सुट्या भागांची विक्री होती आणि 20 यंत्रांची. 80 चे 35 टक्के म्हणजे 28, 20 चे 10 टक्के म्हणजे 2, एकूण 30. चौथ्या तिमाहीत 132 पैकी सुटे भाग उरले होते 70 आणि यंत्रं झाली होती 62. 70 वर 24.5, 62 वर 6.2, एकूण 30.7. विक्री 32 ने वाढली आणि ढोबळ नफा वाढला 0.7 ने. टक्क्यांत बोलायचं तर 30 वरून साधारण 23 वर. कमी सुटणाऱ्या मालाचा वाटा वाढला की सरासरी खाली ओढली जाते, एवढंच. याला विक्रीच्या मिश्रणाचा परिणाम म्हणतात, आणि तो एकेका वस्तूचं मार्जिन तपासून कधीच सापडत नाही.

मधल्या तिमाह्यांचा खरा नफा आला 30.5 आणि 30.6. माझ्या पत्रकात होते 33, 36.3 आणि शेवटी 39.6. फरक 2.5, 5.7, 8.9. बेरीज केली: 17.1. काकांच्या गोदामातून "चोरीला गेलेले" 17 मला माझ्याच शीटमध्ये सापडले. आणि फरक दर तिमाहीला वाढत गेला होता, तोही यंत्रांची विक्री वाढेल तसतसा.

सुटे भाग का घसरले, हे मी विक्रीच्या लोकांना विचारलं तेव्हा एक जण हसलाच. त्यांचा इन्सेन्टिव्ह बिलाच्या रकमेवर होता. एक यंत्र विकलं की महिन्याचं टार्गेट पूर्ण, मग शंभर छोट्या ग्राहकांना भाग पुरवत कोण फिरणार? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आलेख जे मोजत होता तेच ते वाढवत होते.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, कारण 30.7 म्हणजे निदान घट तरी नाही. पण खर्चाच्या बाजूला "विक्री प्रोत्साहन" नावाचं एक खातं होतं आणि ते फुगत चाललं होतं. पहिल्या तिमाहीत 1, चौथ्या तिमाहीत 5. आत बघितलं तर जाहिरात वगैरे काही नाही, सगळ्या क्रेडिट नोटा. यंत्रं घेणाऱ्या मोठ्या ग्राहकांनी ठरावीक खरेदीचा टप्पा ओलांडला की त्यांना मागाहून सूट मिळायची, आणि ती सूट विक्रीतून वजा न करता खर्चात टाकली जात होती. आयएफआरएस 15 या आंतरराष्ट्रीय हिशोब मानकाप्रमाणे अशी सूट म्हणजे मिळणाऱ्या मोबदल्यातली घट, ती विक्रीतूनच वजा व्हायला हवी, आणि क्रेडिट नोट निघेपर्यंत न थांबता अंदाज बांधून आधीच. आम्ही ती खर्चात टाकत होतो, म्हणून विक्रीही फुगलेली दिसत होती आणि मार्जिनही.

आता यंत्रांचा हिशोब पुन्हा करा. पहिल्या तिमाहीत 20 च्या विक्रीवर 2 सुटले, 1 सूट गेली, उरला 1. चौथ्या तिमाहीत 62 च्या विक्रीवर 6.2 सुटले, 5 सूट गेली, उरले 1.2. यंत्रांची विक्री तिपटीहून जास्त झाली आणि हातात पडलं 0.2 जास्त. त्या नादात सुट्या भागांवरचे 3.5 गेले. भाडं, पगार असा ठरलेला खर्च 22 वरून 24 झाला होता. म्हणजे पहिल्या तिमाहीत 7 उरत होते, चौथ्या तिमाहीत 1.7. वर हे मोठे ग्राहक पैसे तीन महिन्यांनी द्यायचे, तो घोळ वेगळाच.

हे कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला: "आज यंत्र घेतलं तर उद्या भागही आपल्याकडूनच घेतील ना? मग आत्ता कमी सुटलं तर काय बिघडलं?" हा मुद्दा खरा असू शकतो, कमी मार्जिनचा माल प्रत्येक वेळी वाईट नसतो. म्हणून मी त्या वर्षी यंत्रं घेतलेल्या ग्राहकांची भागांची बिलं शोधली. जवळजवळ नव्हतीच. मोठे ग्राहक भाग थेट उत्पादकाकडून मागवत होते, आणि आमच्याकडून भाग घेणारे ते जुने छोटे ग्राहक, ज्यांच्याकडे आता कुणी फिरकत नव्हतं.

साहेब बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "काकांना कुणी सांगितलं का?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मीच खाली गेले. बिन कार्डं परत दिली आणि सांगितलं की तुमचा हिशोब बरोबर होता, चूक माझ्या शीटमध्ये होती. काकांनी कार्डं क्रमाने लावून ठेवली आणि विचारलं, पुढच्या तिमाहीला मोजणी कधी करायची. तेव्हापासून मी सगळा साठा नाही, तरी किमतीने मोठ्या असलेल्या वस्तू दर तिमाहीला त्यांच्यासोबत मोजायला लागले, आणि सूत्रातले 70 टक्के काढून टाकले.

भिंतीवरचा आलेख पुढे बरेच महिने तसाच होता. त्याखाली सूट वजा करून उरलेल्या ढोबळ नफ्याची रेघ काढू द्यायला विक्री विभाग तयार होईना.