भाषा बदलते ती नेमकी कुठे आणि का

प्रश्न: बोलताना आपण मधेच भाषा बदलतो ते व्याकरणामुळे की समोरचा माणूस बघून?

म्हापशाच्या बाजारात उभं राहून ऐका, दोन्ही दिसतं, पण कामं वेगळी. व्याकरण ठरवतं कुठे बदलता येईल, माणूस ठरवतो बदलायचं की नाही.

शाना पॉपलॅक या भाषाशास्त्रज्ञ बाईने 1980 मध्ये न्यूयॉर्कच्या पोर्टोरिकन लोकांचं स्पॅनिश-इंग्रजी बोलणं तपासून म्हटलं की जिथे दोन्ही भाषांचा शब्दक्रम जुळतो तिथेच उडी पडते. मराठी-इंग्रजीला लावून बघा. आपलं क्रियापद शेवटी, त्यांचं कर्माच्या आधी, म्हणून 'मी अटेंड मीटिंग' कोण म्हणत नाही, 'मी मीटिंग अटेंड करणार' म्हणतो, 'करणार' मराठीच राहतं. तिचा दुसरा नियम, शब्द आणि प्रत्ययाच्या मधे बदल नको, तो मात्र आपल्याकडे अडखळतो कारण 'मीटिंगला' सगळेच म्हणतात. उसना शब्द म्हणून 'मीटिंग' सोडून देता येईल, पण 'त्याच्या रेझिग्नेशनला' वगैरेचं काय? इथे मायर्स-स्कॉटन ही दुसरी भाषाशास्त्रज्ञ जास्त पटते, तिच्या मते वाक्याची चौकट एका भाषेची, प्रत्यय त्याच भाषेचे.

आता कोकणी-मराठी घ्या. 'हांव फाल्यां येतां', 'मी उद्या येतो', क्रम तोच, त्यामुळे क्रमाची अडचण जवळजवळ नाहीच. तरी माझी आत्या घरात कोकणी बोलते आणि देवळात कीर्तनकार समोर आले की अख्खं वाक्य मराठीत. हे क्रमाच्या नियमाने सांगताच येत नाही, तिथे समोरचा माणूसच बघावा लागतो.